गळून पडलेला तीळ कचऱ्यात गेला, पण मग तपासायचं काय?

“डॉक्टरकडे हजारो रुपये घालवू नका! लोंबणाऱ्या मसाभोवती घोड्याच्या शेपटीचा केस किंवा रेशमी दोरा घट्ट बांधा, आठ दिवसांत गळून पडेल. सपाट तिळावर चुना-सोडा किंवा ऑनलाइन मिळणारं हर्बल क्रीम लावा, मुळासकट निघतो. तळपायावरचा काळा डाग म्हणजे कुरूप, पाय भिजवून नव्या ब्लेडने तासा. कॅन्सरची भीती गोऱ्यांना, आपल्याला नाही. दहा जणांना पाठवा.”

हा मेसेज मला एका आठवड्यात तीन ग्रुपवर आला. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. कापलेला तीळ काचेच्या पट्टीवर येतो आणि तो साधा आहे की मेलॅनोमा, म्हणजे कातडीचा घातक कॅन्सर, हे आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगतो. मेसेजमधल्या प्रत्येक उपायात आम्हाला बघायचा तो तुकडाच नाहीसा होतो.

दोऱ्यापासून सुरुवात करते, कारण त्यात थोडं तथ्य आहे. मानेवर किंवा काखेत बारीक देठाला लोंबणारा कातडीच्या रंगाचा मऊ मस बहुधा निरुपद्रवी असतो आणि रक्तपुरवठा तुटला की तो वाळून पडतो. पण तो मसच आहे हे ठरवलं कुणी? मेलॅनोमाही कधी उंचवट्यासारखा, क्वचित देठावरही वाढतो, आणि दर वेळी काळाच असतो असं नाही. काही गुलाबी असतात. त्याला दोरा बांधला की तोही वाळतो. मेलेल्या पेशींचा रंग आणि आकार जातो, म्हणून तो तुकडा कुणी जपून आणला तरी आम्हाला त्यातून फारसं काही वाचता येत नाही. शिवाय देठाखाली जे राहतं, ते तिथंच राहतं.

चुना-सोड्याचं रसायन शाळेतलंच आहे. धुण्याचा सोडा आणि ओला चुना एकत्र आले की कॉस्टिक सोडा तयार होतो. तो तीळ ओळखत नाही, लागेल ती कातडी जाळतो, आणि किती खोल जाळायचं हे लावणाऱ्याच्या हातात नसतं. ऑनलाइन क्रीममध्ये अनेकदा तीव्र सॅलिसिलिक आम्ल असतं; ‘ब्लॅक साल्व्ह’ नावाच्या काळ्या मलमात झिंक क्लोराइड आणि ब्लडरूट ही वनस्पती. वरची काळी खपली निघाली की लोक तिलाच मूळ म्हणतात. ती जळून मेलेली कातडी असते. घरी तीळ काढण्यासाठी मान्यता दिलेलं एकही औषध बाजारात नाही, असं अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२२ मध्ये विक्रेत्यांना ताकीद देताना स्पष्ट केलं होतं.

खोलवर उरलेल्या पेशी काही महिन्यांनी व्रणातून पुन्हा रंग दाखवतात. तीळ साधा असला तरी असा परतलेला तीळ वेडावाकडा दिसतो, सूक्ष्मदर्शकाखालीही मेलॅनोमासारखा भासतो, आणि आधी काय झालं ते माहीत नसेल तर पॅथॉलॉजिस्टही फसू शकतो. उलट बाजू जास्त वाईट. मेलॅनोमा असेल तर वरून व्रण गुळगुळीत होतो आणि खाली पेशी वाढत राहतात. घरातले म्हणतात, बरं झालं, गेला.

आता तळपाय. सगळ्यांत जास्त मला इथंच बोलायचं आहे.

आपल्याकडे मेलॅनोमा गोऱ्या लोकांपेक्षा खूप कमी होतो, हे खरं. पण जो होतो त्यातला मोठा वाटा तळपाय, तळहात आणि नखाखाली असतो. या प्रकाराचं उन्हाशी फारसं नातं नाही, त्यामुळे सावळी कातडी तिथं ढाल होत नाही. गायक बॉब मार्लीला पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच आजार निघाला. निदान १९७७ चं, मृत्यू १९८१ मध्ये, वय ३६.

काळा डाग आणि कुरूप यांत फरक कसा करायचा? कुरूप म्हणजे दाबाने घट्ट झालेली कातडी. ती पिवळट, कडक असते, चालताना खुपते. पायाच्या चामखिळीत बारीक काळे ठिपके असतात, ती गोठलेल्या रक्तवाहिन्यांची टोकं. बूट घासून टाचेत साकळलेलं रक्तही काळं दिसतं. ते वरच्या जाड थरात असतं म्हणून त्वचारोगतज्ज्ञ तो थर हलकेच खरवडून बघतात आणि डाग निघून जातो. (हो, तेही ब्लेडच वापरतात. पण काय शोधायचं आणि कुठं थांबायचं हे त्यांना ठाऊक असतं.) त्याआधी ते डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून बघतात. तळपायाची कातडी सरी-वरंब्यासारखी असते. साध्या तिळाचा रंग बहुधा सऱ्यांमध्ये रेघा धरून असतो, मेलॅनोमाचा वरंब्यांवर चढतो. नुसत्या डोळ्यांना हे दिसत नाही.

समजा, पंचावन्न वर्षांच्या शेतकऱ्याच्या टाचेवर नऊ मिलिमीटरचा काळा डाग आहे. दीड वर्ष तो कुरूप समजून तासतोय, शेवटी रक्त येईपर्यंत. मेलॅनोमाची खोली आम्ही मिलिमीटरमध्ये मोजतो, वरच्या जाड थराखालपासून सर्वांत खोल पेशीपर्यंत. पुढचे सगळे निर्णय त्या एका आकड्यावर चालतात. खरी खोली १.६ होती, पण वरचा ०.९ चा भाग ब्लेडबरोबर बादलीत गेला. बायोप्सीत मला ०.७ दिसतं. मी ‘कमीत कमी ०.७’ लिहीन, पण त्यापलीकडे मला काही कळणार नाही. खोली एक मिलिमीटरपर्यंत असेल तर भोवतीची एक सेंटिमीटर निरोगी कातडी काढतात, एक ते दोनमध्ये एक ते दोन सेंटिमीटर. १.६ असेल तर आजार पसरताना आधी जिथं पोचतो ती जांघेतली पहिली लिम्फ ग्रंथी तपासायचा विचार होतो, ०.७ ला साधारणपणे होत नाही. त्यात डागावर जखम असेल तर आजार पुढच्या पायरीचा धरतात, आणि ही जखम आजाराची की ब्लेडची, हे मला सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र मेसेजच्या विरोधकांनाही सांगायला हवी. ब्लेड लावल्याने साधा तीळ कॅन्सर होत नाही, आणि डॉक्टरांनी बायोप्सी केल्याने मेलॅनोमा पसरत नाही. या दुसऱ्या भीतीपायीच अनेक जण दवाखाना टाळून घरी दोरा बांधतात. दवाखान्यात भूल देऊन तीळ एक-दोन मिलिमीटर कडेसह काढतात, फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकतात, काही दिवसांत रिपोर्ट येतो. लेसर किंवा कॉटरीने जाळायचं म्हणत असतील, मग ते पार्लर असो की क्लिनिक, तर आधी विचारा: तपासायला तुकडा उरणार का? डाग नवीन असेल, वाढत असेल, दोन-तीन रंगांचा असेल, आपोआप रक्त येत असेल किंवा नखातली काळी रेघ बाजूच्या कातडीवर पसरली असेल, तर जाळू देऊ नका.

आणि हे सगळं आधीच करून झालं असेल तर लाजून गप्प बसू नका. जुना फोटो शोधा, गळालेला तुकडा असेल तर तो घ्या, व्रणात रंग परतलाय का ते दाखवा, विशेषतः तो व्रणाच्या बाहेर जात असेल तर. डॉक्टर बायोप्सीचा फॉर्म भरतील तेव्हा त्यावर एवढं लिहायला लावा: ‘इथं अमुक महिन्यात चुना लावला होता.’