डोळ्यांत ‘अनफिट’ आल्यावर अपील होतं, पण भलत्याच कागदावर नाही

माझ्याकडे डोळे तपासायला येणाऱ्या भरतीच्या मुलांना हा सल्ला हमखास मिळालेला असतो: “डोळ्यांत अनफिट आलं की भरती संपली, मेडिकलचं अपील नुसतं नावाला असतं. करायचंच तर कुठल्याही डॉक्टरकडून फिट सर्टिफिकेट आणून जोडा. त्यापेक्षा नंबर असेल तर आधीच लेसर करा आणि रंगांचं पुस्तक पाठ करून जा.”

लेसरपासून सुरू करतो, कारण ते एकदा केलं की परत फिरवता येत नाही. रेल्वेत सहायक लोको पायलटला ए-१ दर्जा लागतो, म्हणजे दोन्ही डोळ्यांना चष्म्याशिवाय ६/६. लेसिक किंवा नंबर घालवायची दुसरी कुठलीही शस्त्रक्रिया झालेली असेल, तर ६/६ दिसत असूनही उमेदवार या पदाला चालत नाही. जाहिरातीत हे छापलेलं असतं. लपवताही येत नाही, कारण स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली लेसिकच्या कापाची कड दिसते. सीआरपीएफ, बीएसएफसारख्या केंद्रीय दलांत शिपाई (जीडी) पदालाही चष्मा आणि लेसिक दोन्ही चालत नाहीत. चांगले डोळे घेऊन येणारी मुलं ‘खबरदारी म्हणून’ लेसरचा दर विचारतात, तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं.

आता रंगांचं पुस्तक. रंगदोष ओळखायला इशिहाराचं पुस्तक वापरतात, त्यात रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा वाचायचा असतो. पहिल्या पानावरचा १२ सगळ्यांनाच दिसतो. पुढच्या पानावर जिथे इतरांना ८ दिसतो, तिथे लाल-हिरव्याचा दोष असलेल्याला ३ दिसतो. पानं मागेपुढे करून दाखवली की पाठांतर तिथेच अडखळतं. शिवाय ए-१ साठी अंधाऱ्या खोलीत कंदिलाची चाचणीही होते, तिथे बारीक दिव्याचा रंग सांगायचा असतो आणि त्यात पाठ करण्यासारखं काहीच नसतं. जन्मजात रंगदोष औषधाने किंवा रंगीत चष्म्याने जात नाही, त्यामुळे दोष खरा असेल तर अपिलात वेळ घालवू नये. रेल्वेतच कनिष्ठ लिपिकाला सी-२ दर्जा पुरतो आणि त्यात रंगांची अट नाही. मात्र पद अर्ज भरतानाच निवडावं लागतं, अनफिट झाल्यावर रेल्वे दुसरी जागा देत नाही.

‘कुठल्याही डॉक्टरचं सर्टिफिकेट’ या सल्ल्याने सर्वांत जास्त नुकसान होतं. केंद्रीय दलांत ३१ मे २०२१ च्या सूचनांनुसार फेरतपासणी शक्यतो दुसऱ्याच दिवशी होते. तिथल्या तिथे संमती लिहून द्यायची, बाहेरचं सर्टिफिकेट लागत नाही. ज्या कारणासाठी अनफिट केलं तेवढंच पुन्हा पाहतात आणि तो निकाल अंतिम असतो. सर्टिफिकेट आणायला जो गावाकडे निघाला, त्याची संधी गेली.

रेल्वेत उलट आहे. अपील हा तिथे हक्क नाही. आधीच्या तपासणीत चूक झाली असू शकते असा पुरावा, निकाल कळल्यापासून एका महिन्यात द्यावा लागतो. हा पुरावा म्हणजेच डॉक्टरांचं प्रमाणपत्र. उमेदवाराला सरकारने नेमलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याने आधीच अनफिट ठरवलं आहे, हे पूर्ण ठाऊक असताना मी हे देत आहे, अशी नोंद त्यात डॉक्टरांनी करावी लागते. ही नोंद नसेल तर प्रमाणपत्र विचारातच घेत नाहीत.

निकालानंतर नवव्या दिवशी एक मुलगा माझ्याकडे आला. उजव्या डोळ्याला ६/९ म्हणून अनफिट. हातात एका जनरल डॉक्टरची चिठ्ठी होती: “डोळे नॉर्मल आहेत.” मशीनवर त्या डोळ्याचा नंबर उणे ०.७५ आला. थेंब घालून डोळ्याचा आतला स्नायू सैल केला आणि पुन्हा मोजलं, तर अधिक ०.२५. म्हणजे खरा मायनस नंबर नव्हताच. महिनोन् महिने मोबाईलवर जवळून वाचून स्नायू आवळलेला राहिला होता. आठवडाभर जवळचं वाचन कमी करायला सांगितलं. सोळाव्या दिवशी थेंबांचा परिणाम पूर्ण ओसरलेला असताना त्याने दोन्ही डोळ्यांनी ६/६ ओळ वाचली.

मग फॉगिंग घेतलं. डोळ्यासमोर अधिक २ ची काच धरायची. ती धरूनही ६/६ स्पष्ट दिसलं, तर लपलेला प्लस नंबर आहे आणि ए-१ मध्ये उमेदवार अनफिट. त्याला धूसर दिसलं, तेच हवं होतं.

प्रमाणपत्रात मी थेंबांआधीचे आणि नंतरचे आकडे, तारखा आणि ती नोंद लिहिली. विसाव्या दिवशी अपील गेलं आणि पुढे त्याला फेरतपासणीचं बोलावणं आलं. जुनी चिठ्ठी मी जोडू दिली नाही.