कार्डाचे बिल आणि क्रेडिट वापराची टक्केवारी: एका मेसेजला उत्तर

“शेवटच्या तारखेच्या आत पूर्ण बिल भरा, म्हणजे क्रेडिट युटिलायझेशन शून्य धरले जाते. कार्डे अनेक असतील तर प्रत्येकाची टक्केवारी काढून सरासरी घ्या; ती तीसच्या आत असली की झाले.”

क्रेडिट युटिलायझेशन म्हणजे कार्डाच्या मर्यादेपैकी वापरलेल्या रकमेची टक्केवारी. नाशिकमधील अनेक ग्रुपवर फिरणाऱ्या या मजकुरातील सरासरीचा भाग आधी तपासू. सातपूर औद्योगिक वसाहतीत छोटे वर्कशॉप चालवणाऱ्या एखाद्या व्यक्तीकडे तीन कार्डे आहेत, असे समजा. त्यांच्या मर्यादा 1,00,000, 50,000 आणि 2,50,000 रुपये असून बिलावरील बाकी अनुक्रमे 18,000, 45,000 आणि 25,000 रुपये आहे. स्वतंत्र टक्केवारी 18, 90 आणि 10 येते, तिची सरासरी 39 च्या थोडी वर जाते. प्रत्यक्षात एकूण बाकीला एकूण मर्यादेने भागायचे असते: 88,000 भागिले 4,00,000, म्हणजे 22 टक्के. मात्र तेवढ्याने निर्धास्त होऊ नये, कारण कर्ज देणाऱ्याला क्रेडिट अहवालात प्रत्येक कार्ड वेगळे दिसते आणि दुसरे कार्ड जवळजवळ भरलेले आहे.

शून्याचा दावा तर तारखांमध्येच अडकतो. समजा, दुसऱ्या कार्डाचे बिल 12 तारखेला निघते आणि भरण्याची शेवटची तारीख पुढील महिन्याची 2 आहे. 2 तारखेला पूर्ण रक्कम भरली तर व्याज लागत नाही आणि उशिराची नोंदही होत नाही. पण बँक कर्जांची नोंद ठेवणाऱ्या क्रेडिट ब्युरोला कळवते ती, माहिती ज्या दिवसाची असते त्या दिवशी खात्यावर असलेली बाकी, आणि 2025 पासून ही माहिती किमान पंधरवड्यातून एकदा पाठवावी लागते. म्हणून 12 ते 2 या काळात माहिती गेली, तर 45,000 रुपयेच नोंदले जाण्याची शक्यता असते.

याउलट त्याच व्यक्तीने 9 तारखेला, रक्कम जमा होण्यास एक-दोन दिवस धरून, दुसऱ्या कार्डावर 35,000 रुपये भरले, तर बिल 10,000 रुपयांचे निघते. त्या कार्डाचा वापर 20 टक्के आणि एकूण वापर 53,000 भागिले 4,00,000, म्हणजे 13.25 टक्के होतो. हेच 35,000 पहिल्या आणि तिसऱ्या कार्डांत वाटले असते, तरी एकूण आकडा 13.25 च राहिला असता. दुसरे कार्ड मात्र 90 टक्क्यांवरच दिसले असते. अर्थात 9 तारखेनंतर त्याच कार्डावर पुन्हा मोठी खरेदी केली, तर हा सगळा खटाटोप वाया जातो.

कमी वापराचे तिसरे कार्ड “नको” म्हणून बंद करणे हा त्याहून महागडा उपाय आहे, कारण ते पूर्ण फेडून बंद केले तरी उरलेले 63,000 भागिले 1,50,000 म्हणजे 42 टक्के होतात.

गृहकर्जाचा अर्ज करण्यापूर्वी क्रेडिट अहवाल काढून प्रत्येक कार्डासमोरील चालू बाकी आणि माहिती कळवल्याची तारीख पाहावी. लवकर भरलेली रक्कम तेथे उतरली नसेल, तर पुढील नोंद येईपर्यंत अर्ज थांबवणे शहाणपणाचे.