इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत सूर कशाला लागतो: फिरत असलेल्या एका सल्ल्याला उत्तर

"आयईएलटीएसच्या स्पीकिंगमध्ये मार्क मिळतात ते ग्रामरचे आणि शब्दांचे. आवाज वरखाली करणं हे गोऱ्यांसारखं बोलायचं खूळ आहे, त्यात वेळ घालवू नका. प्रश्न असला की शेवट वर न्या, विधान असलं की खाली आणा, एवढं पुरतं."

आधी मार्कांचं बघू. परीक्षक चार निकष लावतो: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. चारही निकषांना सारखंच वजन आहे, म्हणजे उच्चाराकडे पाव हिस्सा आला. प्रत्येक बँडची, म्हणजे गुणांच्या पायरीची, वर्णनं जाहीर आहेत. सहा बँडच्या उच्चाराचं वर्णन असं, की आघात आणि सूर यांचा वापर काही वेळा परिणामकारक होतो, पण तो टिकत नाही. आठ बँडला हाच वापर लांब वाक्यांतही लवचिकपणे सांभाळता यावा लागतो. उच्चाराच्या निकषात सूर एकटा नाही, ध्वनी आणि लयही आहेत. त्यामुळे नुसता सूर सुधारला म्हणून बँड वाढेलच, असं मी म्हणणार नाही. पण त्याला मार्क नाहीत हे साफ चुकीचं आहे आणि अशा सल्ल्यावर विसंबून मुलं परीक्षेची फी भरतात, याचं मला वाईट वाटतं.

अॅक्सेंट हा वेगळा विषय आहे. त्याच वर्णनांत अॅक्सेंटबद्दल एवढंच पाहिलं जातं, की त्यामुळे ऐकणाऱ्याला समजायला किती अडतं. ब्रिटिश वाटलंच पाहिजे अशी अट कुठेही नाही. मराठी वळणाचे ट आणि ड खुशाल ठेवा. सुराचं काम निराळं आहे, तो अर्थ वाहतो. मराठीतही वाहतो: "आलास." आणि "आलास?" यांत शब्द तोच आहे, फरक सगळा आवाजात आहे. अडचण अशी, की मराठी जे काम शब्दांकडून करून घेते त्यातलं बरंचसं इंग्रजी सुराकडून करून घेते. विरोध दाखवताना हे सगळ्यात जास्त जाणवतं.

आपण म्हणतो, "बाबांना जुनी गाणी आवडतात, मला नवी." दुसऱ्या भागात "गाणी आवडतात" आपण गाळूनच टाकतो, त्यामुळे उरलेले दोन शब्द आपोआप उठून दिसतात. इंग्रजीत उमेदवार पूर्ण वाक्य बोलतो: "माय फादर लाइक्स ओल्ड साँग्ज, बट आय लाइक न्यू साँग्ज." इथे जोर "फादर" आणि "ओल्ड"वर, मग "आय" आणि "न्यू"वर यायला हवा. दुसरं "साँग्ज" खालच्या, सपाट आवाजात बुडालं पाहिजे, कारण ते ऐकणाऱ्याला आधीच कळलेलं आहे. आपण जिथे शब्द गाळतो, तिथे इंग्रजी आवाज बुडवते. आपली मुलं मात्र बहुतेक वेळा प्रत्येक शब्द सारखाच उचलतात आणि शेवटच्या "साँग्ज"वर पुन्हा जोर देतात. मग ऐकणाऱ्याला वाटतं, आता गाण्यांबद्दल काहीतरी नवं येणार. ते येत नाही. वाक्य बरोबर असतं, पण तुलना कशाची होती हे त्याला मागे जाऊन शोधावं लागतं. परीक्षेच्या तिसऱ्या भागात, जिथे पूर्वी आणि आता, शहर आणि खेडं असे प्रश्न येतात, तिथे हे दर दोन वाक्यांनी घडतं.

याच कारणाने "आय लिव्ह इन पुणे ओन्ली" हे वाक्य जन्माला येतं. "मी पुण्यातच राहतो" मधल्या "च"साठी आपण शब्द शोधतो. इंग्रजीत तो "च" बहुधा "पुणे"वरच्या जोरातच बसतो, वेगळा शब्द लागत नाही.

आता त्या वर-खालीच्या नियमाकडे येऊ. याद्या तर त्यात बसतच नाहीत. पहिल्या भागात परीक्षक विचारतो, सुट्टीच्या दिवशी काय करता? उत्तर: "आय कुक, आय रीड अँड आय कॉल माय पेरेंट्स." पहिल्या दोन गोष्टींवर आवाज थोडा वर राहायला हवा, तिसरीवर उतरायला हवा: कुक↗, रीड↗, पेरेंट्स↘. वर राहिलेला आवाज सांगतो, थांबा, अजून आहे. "विधान म्हणून खाली" हा नियम पाळून "आय कुक↘" म्हटलं आणि पुढचा शब्द आठवायला क्षणभर थांबलं, तर परीक्षकाला उत्तर संपलं असं वाटतं आणि तो पुढचा प्रश्न टाकतो. उमेदवाराचं अर्धं उत्तर तोंडातच राहतं.

उलट चूकही होते आणि ती आपल्या वाक्यरचनेतून येते असं मला वाटतं. "भाजी, कोथिंबीर आणि लिंबं आण" म्हणताना शेवट "आण"वर होतो, म्हणून "लिंबं"वर आवाज वर राहिला तरी चालतं. इंग्रजीत शेवटी क्रियापद नसतं, तिथे शेवटचं नामच दार बंद करतं. तिथेही आवाज वर राहिला की परीक्षक वाट बघतो, उमेदवार त्याच्याकडे बघतो आणि ती शांतता भरायला "एटसेट्रा, एटसेट्रा" येतं. अजूनही बरंच काही आहे असं मुद्दाम सुचवायचं असेल, तर शेवट वर ठेवणं बरोबरच आहे.

यादीत आकडासुद्धा बदलू शकतो. "आय लिव्ह विथ माय ब्रदर, अ डॉक्टर, अँड माय कझिन." घरात दुसरी माणसं किती? तिन्ही पायऱ्या सारख्या चढत गेल्या आणि शेवटी उतरल्या, तर तीन. "अ डॉक्टर" खालच्या आवाजात, भावाची ओळख म्हणून मधे घातलं, तर दोन. कागदावर वाक्य तेच राहतं.

प्रश्नांतही तो नियम अर्ध्यावर सुटतो. हो-नाही प्रश्नाचा शेवट साधारण चढतो, पण "व्हॉट", "व्हेअर"ने सुरू होणारे प्रश्न सहसा उतरतात. पर्यायी प्रश्नात दोन्ही लागतात: "डू यू मीन माय स्कूल↗ ऑर माय कॉलेज↘?" परीक्षकाला खुलासा विचारताना हा फार उपयोगी पडतो. दोन्हीकडे आवाज चढवला, तर "यांपैकी काही का?" असा अर्थ होतो आणि उत्तर नुसतं "येस" येऊ शकतं.

सुराची चूक ऐकणाऱ्याला चूक वाटत नाही, स्वभाव वाटते. भाषाशास्त्रज्ञ जॉन गम्पर्झ यांनी एका ब्रिटिश विमानतळाच्या कर्मचारी-कँटीनमधलं उदाहरण नोंदवलं आहे. तिथे वाढणाऱ्या भारतीय आणि पाकिस्तानी बायका ग्रेव्ही हवी का हे विचारायला "ग्रेव्ही↘" म्हणत. ब्रिटिश ग्राहकांच्या कानाला "ग्रेव्ही↗" ची सवय होती. शब्द बरोबर होता, हेतूही चांगला होता, पण ग्राहकांना त्या उद्धट वाटल्या.

सराव करायचाच असेल तर उत्तर रेकॉर्ड करा आणि मग तेच, शब्द न उच्चारता, नुसतं गुणगुणून पाहा. यादी कुठे संपली आणि जोर कुठे होता हे गुणगुणण्यातून कळलं पाहिजे. नंतर ते रेकॉर्डिंग अशा माणसाला ऐकवा ज्याने तुमचा मजकूर वाचलेला नाही, आणि त्याला दोनच गोष्टी लिहायला सांगा: तुलना कशाची कशाशी होती आणि यादीत किती गोष्टी होत्या. जे वाक्य त्याला पुन्हा ऐकावं लागेल, त्या वाक्यावर काम करा.