प्रोजेक्ट मॅनेजर काय गोळा करतो आणि काय मागे सोडतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: «लेख वाचला, पण एवढं कोण करतंय ओ? प्रीमियरमध्ये प्रोजेक्ट मॅनेजर आहे, एक बटण दाबलं की सगळं एका फोल्डरमध्ये येतं. फॉन्ट तर प्रत्येकाच्या मशीनवर असतातच. सोलापुरातला कारखानदार एमपी४ घेतो, व्हॉट्सॲपवर टाकतो, विषय संपला. तुमची यादी मुंबईच्या एजन्सीसाठी ठीक आहे, आमच्यासाठी नाही.»

उत्तर:

तो लेख होता फिल्म संपल्यावर ग्राहकाला किंवा पुढच्या एडिटरला द्यायच्या पॅकेजबद्दल: प्रोजेक्ट, फॉन्ट, मजकूर, आवाज अशा सगळ्या फाइलींच्या यादीबद्दल. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमधला प्रोजेक्ट मॅनेजर वापरायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण तो गोळा करतो त्या फक्त प्रोजेक्टमध्ये आयात केलेल्या फाइली: फुटेज, आवाज, फोटो. फॉन्ट ऑपरेटिंग सिस्टीममध्ये बसलेला असतो, प्रोजेक्टमध्ये नाही. प्रोजेक्टला त्याचं फक्त नाव माहीत असतं, म्हणून मॅनेजर त्याला हात लावत नाही. आफ्टर इफेक्ट्समधून डायनॅमिक लिंकने जोडलेल्या कॉम्पोझिशनचंही तसंच. ती नव्या फोल्डरमध्ये कॉपी होत नाही, नव्या प्रोजेक्टमध्ये तिच्या जागी ऑफलाइन क्लिप येते. तिच्यासाठी आफ्टर इफेक्ट्समध्ये जाऊन `Collect Files` वेगळं चालवावं लागतं. त्यात फुटेज येतं, सोबत एक मजकूर फाइल तयार होते आणि तीत वापरलेल्या फॉन्टची व इफेक्टची नावं लिहिलेली असतात. फॉन्ट मात्र तिथेही येत नाही.

सोलापूरचंच उदाहरण घेऊ. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याची चार मिनिटांची फिल्म आहे. निवेदन मराठीत, माणसांच्या नावांच्या पट्ट्या मराठीत, लोगोची हालचाल आफ्टर इफेक्ट्समधली. शेवटच्या कार्डावर पत्ता आणि फोन नंबर मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही लिप्यांत. फिल्म दिली, पैसे मिळाले. दोन वर्षांनी फोन नंबर बदलला आणि त्यांना हिंदी निवेदनही हवं आहे. मूळ एडिटर पुण्याला गेला, काम दुसऱ्याच्या टेबलावर आलं. आता मॅनेजरने गोळा केलेला फोल्डर त्याने उघडला तर काय दिसेल, ते बघू.

सगळ्यात आधी बिघडतात त्या नावांच्या पट्ट्या. मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला असेल तर फॉन्ट नसतानाही अक्षरं वाचता येतात, फक्त दुसऱ्या फॉन्टमध्ये येतात. त्याची रुंदी वेगळी, वेलांटी-उकारांची उंची वेगळी. एका ओळीत बसणारं आडनाव दुसऱ्या ओळीत उतरतं, रुकार पट्टीच्या खालच्या कडेला कापला जातो. हे निदान डोळ्यांना दिसतं. पण मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर «सोलापूर»च्या जागी `lksykiwj` असं उमटतं. तिथे मराठी मजकूर फाइलमध्ये कधी नव्हताच. इंग्रजी अक्षरं होती आणि त्यांना देवनागरीचे आकार फक्त तो फॉन्ट देत होता. फॉन्ट गेला की नाव, हुद्दा, पत्ता सगळं मूळ फिल्म बघून पुन्हा टाइप करायचं. सोलापुरात फ्लेक्स आणि पत्रिकांचा मजकूर अजून अशा फॉन्टमध्ये येतो आणि तिथून कॉपी होऊन थेट टायटलमध्ये जातो, म्हणून हा धोका इथे जास्तच आहे.

त्यावर उपाय एकच: पडद्यावर दिसणारा प्रत्येक शब्द युनिकोडमध्ये एका साध्या मजकूर फाइलमध्ये, यूटीएफ-८ म्हणून सेव्ह करून, टाइमकोडसह द्यायचा. फॉन्ट कन्व्हर्टर वापरलात तर रफार आणि जोडाक्षरं एकेक करून तपासा, चुका बहुधा तिथेच निघतात.

आता «फॉन्ट प्रत्येकाकडे असतातच» याबद्दल. प्रीमियरच्या `Graphics and Titles` मेनूत `Replace Fonts in Projects` उघडा. प्रोजेक्टमधले सगळे फॉन्ट तिथे दिसतात. ती यादी घेऊन प्रत्येकापुढे तो आला कुठून ते लिहा, कारण द्यायचा की नाही हे त्यावर ठरतं. मुक्ता, बालू २, नोटो सान्स देवनागरी हे ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. त्यांच्या फाइली पॅकेजमध्ये बिनधास्त द्या, फक्त सोबतची `OFL.txt` काढू नका. अडोबी फॉन्ट्समधून चालू केलेला फॉन्ट फाइल म्हणून देता येत नाही, समोरच्याने स्वतःच्या सदस्यत्वातून तो चालू करायचा. विकत घेतलेला फॉन्ट ज्याच्या नावावर घेतला त्याचा. त्याचं नाव आणि कुठून घेतला एवढं लिहून द्या, फाइल नको. विंडोजबरोबर येणारा निर्मला यूआय किंवा मॅकबरोबर येणारा कोहिनूर देवनागरी हाही उचलून देण्याची वस्तू नाही. शिवाय यातला एक वापरला की दुसऱ्या प्रकारच्या मशीनवर तो सापडणार नाही, हे काम सुरू करतानाच लक्षात घ्या.

टॉवेलच्या फिल्मसाठी माझी निवड बालू कुटुंबाची असेल. देवनागरीसाठी बालू २, तेलुगूसाठी बालू तम्मुडु २, कन्नडसाठी बालू तम्मा २. तिन्ही लिप्यांची जाडी जुळते आणि तिन्ही फाइली कायदेशीरपणे देता येतात. फक्त आवृत्ती नीट लिहा: जुना «बालू» आणि «बालू २» ही सॉफ्टवेअरच्या दृष्टीने दोन वेगळी नावं आहेत. एक बसवला म्हणून दुसरा मागणारा प्रोजेक्ट समाधानी होत नाही.

फॉन्ट बसवूनही कधी कधी पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, जोडाक्षरं सुटी होऊन पायमोडके हलंत दिसतात. तिथे फॉन्टला दोष देऊ नका. प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये `Graphics` खाली टेक्स्ट इंजिन `South Asian and Middle Eastern` वर आहे का ते बघा. हे सेटिंग मशीनवर असतं, तुमच्या फोल्डरबरोबर प्रवास करत नाही. म्हणून पॅकेजमधल्या टिपणात ते लिहायचं, आणि त्याच्या शेजारी प्रीमियर व आफ्टर इफेक्ट्सची नेमकी आवृत्ती. नव्या आवृत्तीतला प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत उघडत नाही, आणि हे समोरच्याला डाउनलोड करून झाल्यावर कळतं.

एवढं करूनही काही वर्षांनी प्रोजेक्ट उघडेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. म्हणून माझ्या मते पॅकेजमधली सगळ्यात मोलाची फाइल प्रोजेक्टची नाहीच, ती आहे बिनअक्षरी मास्टर: तीच फिल्म, तीच लांबी, तेच ग्रेडिंग, पण पट्ट्या आणि शेवटच्या कार्डावरचा मजकूर काढलेला. टायटलचे ट्रॅक बंद करून एकदा एक्सपोर्ट करायचं, एवढंच काम. ही फाइल असली तर नवा नंबर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये टाकता येतो. मात्र बंद केलेल्या ट्रॅकवरच अवलंबून राहू नका. नेस्ट केलेल्या सीक्वेन्समध्ये किंवा आफ्टर इफेक्ट्सच्या कॉम्पोझिशनमध्ये मजकूर आत दडलेला असतो आणि तो तसाच छापला जातो. एक्सपोर्ट झाल्यावर फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळ्यांनी बघा.

त्याच्या जोडीला आवाज वेगळा: निवेदन, संगीत आणि कारखान्यातला नैसर्गिक आवाज अशा तीन डब्ल्यूएव्ही फाइली, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. तिन्ही फिल्मच्या पहिल्या फ्रेमपासून सुरू होऊन शेवटच्या फ्रेमपर्यंत जाणाऱ्या. मधल्या शांत जागा कापल्या की हिंदी निवेदन बसवणाऱ्याला सगळं अंदाजाने जुळवावं लागतं. मास्टर ट्रॅकवर लिमिटर असेल तर तिन्हींची बेरीज अंतिम मिक्सइतकी येत नाही. ते चालतं, पण लिमिटर होता हे टिपणात लिहा.

मास्टर प्रोरेस ४२२ एचक्यूमध्ये द्यायचा तर १०८०, २५ फ्रेमला सेकंदाला सुमारे १८४ मेगाबिट लागतात. चार मिनिटांची फाइल साधारण साडेपाच जीबी होते. एफएटी३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही. पेनड्राइव्हवर भरपूर जागा असूनही «फाइल फार मोठी आहे» असा संदेश येतो तो यामुळे. ड्राइव्ह आधी एक्सएफएटी करून घ्या. व्हॉट्सॲपची एमपी४ वेगळी द्याच, पण तीच एकमेव प्रत ठेवली तर पुढच्या प्रत्येक बदलाला आधीच दाबलेलं चित्र पुन्हा दाबलं जाईल.

श्रेयनामावलीबद्दल तुम्ही काही म्हटलं नाहीत, पण सोलापुरात तिथे हमखास गडबड होते. तेलुगू आणि कन्नड आडनावं देवनागरीत दोन-तीन पद्धतींनी लिहिली जातात, आणि पडद्यावरची पद्धत त्या माणसाच्या पसंतीची हवी. एका शीटमध्ये नाव देवनागरीत, रोमनमध्ये, काम, आणि त्या व्यक्तीने मान्य केल्याची तारीख. त्याच फोल्डरमध्ये संगीताचं लायसन्स प्रमाणपत्र ठेवा, ट्रॅकचं नाव आणि ते कोणत्या चॅनेलसाठी घेतलं यासकट. ते एडिटरच्या खात्यात पडून राहिलं तर यूट्यूबवर कॉपीराइट दावा आला की कारखानदाराकडे दाखवायला काहीच नसतं.

शेवटी तपासणी. तुमच्याच मशीनवर पॅकेज उघडून बघण्यात अर्थ नाही. फॉन्ट तिथे बसलेले असतात, आणि मूळ ड्राइव्ह जोडलेला असेल तर प्रोजेक्ट गुपचूप जुन्याच फाइली उचलतो. दुसरं मशीन घ्या. तेच मिळालं नाही तर निदान मूळ ड्राइव्ह काढा आणि अडोबी फॉन्ट्स बंद करा. ऑफलाइन क्लिप किंवा फॉन्ट नसल्याचा संदेश आला तर जे सुटलं ते लगेच सापडतं.

तुमचं एक म्हणणं मला मान्य आहे: प्रत्येक कामाला एवढं लागत नाही. तीस सेकंदांच्या रीलला अंतिम फाइल, बिनअक्षरी फाइल, मजकूर आणि संगीताचं प्रमाणपत्र पुरे. प्रोजेक्ट फाइल द्यायची की नाही हा दराचा प्रश्न आहे, आणि तो कोटेशनमध्येच सोडवा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७(ब) नुसार मोबदला देऊन करवून घेतलेल्या फिल्मचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ती करवून घेणारा असतो. त्या कलमात प्रोजेक्ट फाइलींचा शब्द नाही, म्हणून तो तुम्हीच लिहायचा: काय मिळेल, कशाचे वेगळे पैसे, आणि कच्चं फुटेज किती महिने सांभाळाल.