सत्तेचाळीस पूर्णांक शून्य शून्य

उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रयोग करणं म्हणजे साखरपुडा झाल्यावर मुलगी बघायला जाणं. १०० किलोओहमचा रेझिस्टर आणि ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, गुणाकार ४७ सेकंद. हाच टाइम कॉन्स्टंट. कपॅसिटर १० व्होल्टपर्यंत भरायचा, सप्लाय सोडवायचा, दर दहा सेकंदांनी व्होल्टेज लिहायचं आणि आलेखातून ते ४७ काढून दाखवायचं.

मी काट्याच्या मीटरवर डोळे लावून बसलो. पार्टनर मोबाइलमधल्या घड्याळावरून "दहा... वीस..." असं ओरडत होता. बाहेर बेळगावचा पाऊस, आत ट्यूबलाइटची फडफड. रीडिंगं अशी आली : १०, ७.५, ५.६, ४.२, ३.२, २.४. पन्नास सेकंदांनंतर काटा शून्याकडच्या बारीक रेघांत शिरला, म्हणून मी शहाणपणाने रेंज १० व्होल्टवरून २.५ वर आणली. पुढची दोन १.३ आणि ०.७५. वाचायला किती सोपं गेलं! अटेंडर काका म्हणालेही होते, "गडबडी माडब्याडप्पा." पण घाई करू नको हे कुठल्याही भाषेत सांगितलं तरी मला कळत नाही.

जर्नलात मी लिहिलं, 'आलेख उतरता आहे.' सरांनी त्याखाली लाल रेघ ओढली.

"चोर्ला घाटही उतरताच आहे की रे. हा कसा उतरतोय ते लिही."

मग नीट बघितलं. दर दहा सेकंदांनी उरलेल्यातला पाव हिस्सा जातोय. रुपयातले चार आणे, मग उरलेल्या बारा आण्यांतले चौथाई. किती व्होल्ट गेले ते दर वेळी कमी होत जातं, हिस्सा मात्र तोच. घातांकी घट म्हणजे एवढंच. आणि व्होल्टेज सुरुवातीच्या ३७ टक्क्यांवर, म्हणजे ३.७ वर, येतं तेव्हा जेवढे सेकंद झाले, तो टाइम कॉन्स्टंट. आलेखावर बोट ठेवलं. ३५.

"४७ लिही की बे, मिटलं," पार्टनर म्हणाला. त्याने लिहिलंही होतं, ४७.००. ते दोन शून्य त्याने कुठून आणले हे मला अजून उमगलेलं नाही.

सर म्हणाले, "वक्र रेषेवर डोळा फसतो. व्होल्टेजचा नैसर्गिक लॉग घेऊन वेळेसमोर मांड. सरळ रेषा यायला हवी." मांडला. लॉग २.३० पासून ०.८८ पर्यंत उतरला पन्नास सेकंदांत. उतार ०.०२८४, त्याचा व्यस्त पुन्हा ३५. आणि रेषा सरळ कुठली? पन्नासाव्या सेकंदाला तिला गुडघा फुटला होता. तिथून पुढे चार आण्यांऐवजी सात आणे जात होते.

"पन्नासाव्या सेकंदाला काय केलंस?"

"रेंज बदलली, सर."

सरांनी मीटर उचलून डायलच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं दाखवली : व्होल्टला २०,००० ओहम. म्हणजे १० च्या रेंजवर मीटर स्वतःच २ लाख ओहमचा रेझिस्टर. हौद किती वेळात रिकामा होतो ते मोजायला मी हौदालाच दुसरं भोक पाडलं होतं, आणि रेंज बदलून ते आणखी रुंद केलं होतं. २.५ वर मीटरचा रोध उरतो फक्त ५०,०००. अशा मीटरने हा प्रयोग करणं म्हणजे मांजराकडून दूध मोजून घेणं.

१०० किलोओहमला समांतर २०० म्हणजे ६६.७. गुणिले ४७० मायक्रोफॅरड, ३१ सेकंद. मला आले ३५. मी बिचकत विचारलं, "मग हे चार जास्तीचे?"

"कपॅसिटरवर लिहिलंय त्यावर विश्वास ठेवलास होय? असले इलेक्ट्रोलिटिक वीस टक्के इकडेतिकडे असतात."

काकांनी कपाटाची किल्ली शोधून डिजिटल मीटर काढून दिला. त्याचा रोध एक कोटी ओहम, म्हणजे गळती जवळजवळ नाहीच. या वेळी रेंजला हात न लावता, काकांच्या नजरेखाली, परत मोजलं. साडेएक्कावन्न. उलटं गणित केलं तर आमचा ४७० चा कपॅसिटर खरा ५२० चा निघाला. सगळा हिशेब जुळला. 'चुकांची कारणे' या रकान्यात मी दर वेळी डोळे मिटून 'मानवी चूक' लिहायचो. या वेळी तिथे मीटरचा रोध लिहिला, रेंज लिहिली, गुडघ्यासकट आलेख चिकटवला.

सर तोवर पार्टनरच्या जर्नलकडे वळले होते. "गळक्या मीटरवर पस्तीस, चांगल्यावर साडेएक्कावन्न. तुझे हे ४७.०० कुठल्या मीटरवर आले रे?"

पार्टनरने माझ्याकडे खोडरबर मागितला. पण त्याने पेनने लिहिलं होतं, आणि मागच्या बाकांवरच्या सहा जणांनी त्याचं बघून, तेही पेननेच.