मुठीवरच्या दोन ग्रिप आणि डोक्यातले दोन ग्रॅम

“अटॅकिंग खेळणाऱ्याने हेड-हेवी रॅकेटच घ्यावी, कारण डोके जड म्हणजे स्मॅश जोरात. डिफेन्स करणाऱ्याने हेड-लाइट घ्यावी. आणि हातातली रॅकेट हेड-हेवी असेल तर मुठीवर एक-दोन ग्रिप जादा गुंडाळा, ती हेड-लाइट होऊन जाते, नवी घ्यायचा खर्च वाचतो.”

बॅडमिंटन खेळणाऱ्यांत फिरणारा हा संदेश. त्यातल्या शेवटच्या सल्ल्यापासून सुरुवात करतो, कारण जळगावात गटिंग, म्हणजे रॅकेटला तार बसवण्याचे काम, करताना त्याचाच परिणाम माझ्या टेबलावर सर्वांत जास्त येतो. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि वाऱ्याने शटल भरकटू नये म्हणून हॉलची दारेही बंद ठेवावी लागतात. घामाने मूठ निसटते, त्यामुळे ग्रिपवर ग्रिप चढवण्याची सवय इथे आधीपासूनच आहे. त्या सवयीला या संदेशाने शास्त्राचा आधार मिळवून दिला, इतकेच.

धुळ्याहून एक सोळा वर्षांचा मुलगा गटिंगसाठी रॅकेट घेऊन आला होता. तो दुहेरी खेळतो आणि बहुतेक वेळ जाळ्याजवळ असतो. “काका, ही हेड-हेवी होती, मी दोन ग्रिप लावून हेड-लाइट केली, तरी हात उशिराच येतो,” अशी त्याची तक्रार होती. स्टीलची पट्टी टेबलावर कडेवर उभी धरून तिच्यावर रॅकेट आडवी तोलली आणि मुठीच्या बुडापासून तोल साधलेल्या बिंदूपर्यंतचे अंतर टेपने मोजले. ते २८३ मिलिमीटर भरले. साधारण ६७५ मिलिमीटर लांबीच्या रॅकेटसाठी ढोबळ प्रघात असा की २८५च्या खाली हेड-लाइट, २९५च्या वर हेड-हेवी आणि मधली ती समतोल. (काही कंपन्या तार नसलेल्या रॅकेटवर मोजतात, काही तारेसह, म्हणून हे आकडे दगडावरची रेघ मानू नयेत.) म्हणजे या प्रघाताप्रमाणे मुलाचे म्हणणे बरोबर ठरत होते.

मग दोन्ही जादा ग्रिप सोडवल्या. त्यांचे वजन मिळून १० ग्रॅम भरले. आता रॅकेट तारेसह ८८ ग्रॅमची होती आणि तोलबिंदू ३०५ मिलिमीटरवर गेला होता. १० ग्रॅमने तोल २२ मिलिमीटर मागे आणला होता, पण हात का हलका झाला नव्हता, याचे उत्तर त्या ग्रिपच्या जागेत आहे. रॅकेट मनगटाभोवती फिरते, आणि फिरणाऱ्या वस्तूत एखादा ग्रॅम किती जड वाटेल हे त्याच्या आसापासूनच्या अंतराच्या वर्गावर अवलंबून असते. ग्रिप बुडापासून जेमतेम ९ सेंटिमीटरवर, म्हणजे मुठीतच असते. त्यामुळे फिरवताना होणारा विरोध त्या १० ग्रॅमने एक टक्काही वाढत नाही, आणि मुख्य म्हणजे तो कमीही होत नाही. डोक्याकडून एक कणही काढलेला नसताना डोके हलके कसे होणार? उलट फ्रेमच्या टोकाला केवळ २ ग्रॅमची शिशाची पट्टी लावली तर तोलबिंदू अवघा ८ मिलिमीटर पुढे सरकतो, पण फिरवण्याचा विरोध सात-आठ टक्क्यांनी वाढतो आणि तो पहिल्याच फटक्यात जाणवतो. तोलबिंदू वजन मागे-पुढे कसे वाटले आहे एवढेच सांगतो, रॅकेट फिरवायला किती जड आहे ते सांगत नाही.

याच कारणाने नुसती हेड-हेवी ही चिठ्ठी वाचून खरेदी करणेही फसवे आहे. ८३ ग्रॅमची, ३०० मिलिमीटरवर तोल असलेली रॅकेट आणि ८८ ग्रॅमची, २९० मिलिमीटरवर तोल असलेली रॅकेट शेजारी ठेवून वजन गुणिले अंतर केले, तर पहिलीचे २४,९०० आणि दुसरीचे २५,५२० येतात. हा फिरण्याचा पूर्ण हिशेब नव्हे, पण हेड-हेवी म्हणून विकली जाणारी हलकी रॅकेट समतोल म्हणवणाऱ्या जड रॅकेटपेक्षा हाताला सोपी असू शकते, हे त्यातून कळते.

जोरदार स्मॅशच्या दाव्यात अर्धे तथ्य आहे. डोक्यातले जादा वजन फटक्यामागे उभे राहते, हे खरे. पण शटल नियमाप्रमाणे फक्त ४.७४ ते ५.५० ग्रॅमचे असते आणि रॅकेट त्याच्यापुढे आधीच खूप जड असते. धडकेच्या क्षणी शटलमागे रॅकेटचे ३० ग्रॅम उभे आहेत असे धरून ते ३३ केले, तर बाकी सर्व तेच असताना शटलचा वेग सुमारे सव्वा टक्का वाढतो. त्याच जादा वजनामुळे हात तीन टक्के मंदावला तर नफ्याच्या दुपटीहून जास्त तोटा होतो. ज्याचा खांदा आणि मनगट तो भार तितक्याच वेगाने फिरवू शकते आणि ज्याला मागच्या रेषेवर पूर्ण आवर्तनाला वेळ मिळतो, त्यालाच डोक्याचे वजन फळते. सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीने १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमध्ये ताशी ५६५ किलोमीटरच्या स्मॅशचा विश्वविक्रम नोंदवला, तो योनेक्सच्या नॅनोफ्लेअर १००० झेड या हेड-लाइट रॅकेटने. ती मोजणी सामन्यातली नव्हती आणि वेग शटल रॅकेटवरून सुटतानाचा होता, तरी हलक्या डोक्याने जोर येत नाही असे म्हणणाऱ्याला एवढे उदाहरण पुरेसे व्हावे.

बचावाबद्दल संदेश एका जागी बरोबर आहे, आणि ते मान्य करायला हवे. अंगावर आलेला स्मॅश बॅकहँडने परतवताना रॅकेट जवळजवळ स्थिर अवस्थेतून हलवावी लागते आणि आवर्तन वीतभरच मिळते, तिथे हलके डोके वेळेवर पोहोचते. पण बचाव एवढाच नसतो. एकेरीत मागच्या कोपऱ्यातून दमलेल्या हाताने पलीकडच्या रेषेपर्यंत क्लिअर मारणे हाही बचावच आहे, आणि तिथे थोडे जड डोके लांबी मिळवून देते. याउलट दुहेरीत जाळ्याजवळ उभा राहून प्रत्येक शटल झडप घालून खाली मारणारा खेळाडू पूर्ण आक्रमक असतो आणि त्याला हलके डोकेच हवे असते. म्हणून आक्रमण की बचाव हे विचारण्याआधी मैदानाच्या कोणत्या भागात उभे राहता आणि फटक्याला किती वेळ मिळतो, हे विचारावे.

धुळ्याच्या मुलाला मी जादा ग्रिप न लावता, आमच्याच एका सभासदाची ८० ग्रॅमच्या आसपासची, २८४वर तोल असलेली रॅकेट दोन दिवस खेळायला दिली आणि दोनच गोष्टी बघायला सांगितल्या: तिसऱ्या गेममध्ये स्मॅश मारताना शटल डोक्याच्या पुढे सापडते की मागे, आणि जाळ्याजवळच्या वेगवान देवाणघेवाणीत किती वेळा फ्रेमचा ठक्क असा आवाज येतो. परत आला तेव्हा म्हणाला की फ्रेमचा आवाज जवळजवळ बंद झाला, पण मागे जाऊन मारलेला स्मॅश पूर्वीइतका खोल जात नाही. जोडीदार मागे खेळतो, तेव्हा तुझे चालेल, असे मी त्याला सांगितले, आणि जुनी रॅकेट जोडीदाराच्या हातात देऊन बघ म्हणालो.