अर्ध्या बैठकीचा फॉरवर्ड

«जिमला जाणाऱ्या सर्व पोरांनी वाचा. पूर्ण खाली बसू नका, गुडघे झिजतात, जुन्या पैलवानांचे बघा. अर्धीच रेप मारा आणि वजन दुप्पट लावा. जास्त वजन म्हणजे जास्त ताकद आणि जास्त साइज. आता फॉरेनच्या संशोधनातही अर्धी रेपच भारी ठरली आहे.»

रेप म्हणजे व्यायामाची एक फेरी, इथे एक बैठक. खांद्यावर बार घेऊन मारायच्या बैठकांबद्दलचा हा मजकूर बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्यायामशाळांच्या गटांमधून काही महिने फिरतो आहे आणि आजवर मी तो वाचून सोडून देत होतो. परवा मात्र तो माझ्या धाकट्या बहिणीने मला पाठवला आणि खाली लिहिले, "दादा, तू आमच्या पोराला इतकं खाली बसवतोस, ते बंद कर." हा पोरगा सैन्यभरतीच्या तयारीसाठी माझ्याकडे येतो. गंमत अशी, की याच मजकुरावर विश्वास ठेवून त्याने पावसाळ्यात दुसऱ्या ठिकाणी दोन महिने अर्ध्या बैठका मारल्या होत्या. गुडघे वाचवायला निघालेला हा मुलगा माझ्याकडे पहिल्यांदा आला, तो कमरेला हात लावून.

सर्वांत घातक सल्ला दुप्पट वजनाचा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

अर्ध्या बैठकीत जास्त वजन पेलते, यात ताकदीचा काही पराक्रम नाही. खांद्यावरचा बार ज्या उभ्या रेषेत खाली ओढला जातो, त्या रेषेपासून गुडघा आणि खुबा जितके लांब, तितका स्नायूंना जोर जास्त लावावा लागतो. माणूस जवळजवळ उभा असताना हे अंतर थोडे असते. मांडी जमिनीला समांतर होते तेव्हा ते सर्वांत जास्त असते, आणि बैठक त्याच्या आसपासच अडते. थोडक्यात, पूर्ण बैठकीत आपण किती वजन घ्यायचे हे ही अवघड जागा ठरवते. तिथपर्यंत जायचेच नाही असे ठरवले की वजन वाढवता येणारच. बैलगाडी चढाला न नेता माळावरच फिरवली, तर पोती जास्त भरता येतात, तसे हे आहे.

मी भाच्याला त्याची नेहमीची बैठक करायला लावली आणि बाजूने मोबाइलवर चित्रण केले. बारवर 110 किलो होते, मुलाचे स्वतःचे वजन 62. बार खाली आला फक्त 18 सेंटिमीटर, हे मी मागच्या खांबावर खडूने खुणा करून मोजले. मग बार उतरवून 50 किलो ठेवले आणि मागे 30 सेंटिमीटर उंचीचा लाकडी पाट ठेवून नितंब त्याला टेकेपर्यंत खाली जायला सांगितले. आता बार खाली आला 54 सेंटिमीटर, आणि आठवी बैठक त्याने दात ओठ खाऊन काढली. 110 किलोवाल्या पोराला 50 किलोने घाम फोडला. तो मला म्हणाला, "मामा, एवढं खाली बसायची सवयच नाही की." सवय नाही हे खरेच होते, कारण त्या खालच्या 36 सेंटिमीटरमध्ये त्याच्या स्नायूंना दोन महिने कामच मिळाले नव्हते.

काम मात्र त्याच्या पाठीला भरपूर मिळाले होते. बार खांद्यावर असतो तेव्हा 18 सेंटिमीटर खाली जा नाहीतर 54, पाठीच्या कण्यावर 110 किलो ते 110 किलोच. पायांना सोपी जागा शोधून दिली, तरी कण्याला तशी सोपी जागा कुठेच नसते. पूर्ण बैठकीत जे वजन पाय उचलू शकतात, तेवढ्यालाच पाठही हळूहळू तयार होत जाते. हा हिशोब मोडून एकदम दुप्पट वजन चढवले की पायांच्या आधी कंबर बोलते, आणि भाच्याची नेमकी तीच तक्रार होती.

आता ताकद आणि साइज. यासाठी मी एकाच अभ्यासावर भिस्त ठेवतो, कारण तो नेमका याच प्रश्नावर केलेला आहे. जपानमधील कुबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 साली 17 तरुणांचे दोन गट केले. एका गटाने पूर्ण खाली जाऊन, तर दुसऱ्याने गुडघा काटकोनात येईपर्यंतच बैठका केल्या. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे. स्नायूंचे आकारमान त्यांनी टेपने नाही, एमआरआयने मोजले. मांडीच्या पुढच्या स्नायूची वाढ दोन्ही गटांत जवळपास सारखी निघाली, सुमारे पाच टक्के. नितंबाचा मोठा स्नायू मात्र पूर्ण बैठकवाल्यांत 6.7 टक्के वाढला आणि अर्धीवाल्यांत 2.2 टक्के. मांडीच्या आतल्या बाजूच्या स्नायूंमध्ये हेच आकडे 6.2 आणि 2.7 होते. हे दोन्ही स्नायू खोल गेल्यावर ताणले जातात आणि वर येताना तिथूनच जोर लावतात, त्यामुळे खोली सोडली की त्यांचाच वाटा जातो.

ताकदीचा निकाल याहून बोलका आहे. एकदाच उचलता येईल असे कमाल वजन पूर्ण बैठकीत मोजले, तेव्हा पूर्ण गटाची वाढ सुमारे 32 टक्के होती आणि अर्ध्या गटाची सुमारे 11. म्हणजे अर्धी मारणाऱ्यांची ताकद बरीचशी अर्ध्यापुरतीच राहिली. उलट अर्ध्या बैठकीत मोजल्यावर अर्धीवाले 32 टक्के आणि पूर्णवाले 24 टक्के वाढले, आणि हा फरक ठामपणे वेगळा म्हणण्याइतका नव्हता. पूर्ण बैठकीची ताकद अर्ध्यात बऱ्यापैकी उतरते, अर्ध्याची पूर्णमध्ये फारशी उतरत नाही. माणसे 17 च होती आणि दहा आठवडे म्हणजे काही वर्षे नव्हेत, हे मान्य आहे. पण फॉरवर्ड लिहिणाऱ्याकडे तेवढेही नाही.

गुडघ्यांबद्दलची भीती नवी नाही. 1961 साली अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या कार्ल क्लाइन यांनी खोल बैठकीने गुडघ्याचे अस्थिबंध सैल होतात असे लिहिले. पुढच्या अभ्यासांत ते तसे आढळले नाही, पण भीती मात्र साठ वर्षे टिकली. 2013 साली जर्मन अभ्यासकांनी बैठकीची खोली आणि गुडघ्यावरचा भार यांवरचे उपलब्ध संशोधन एकत्र तपासले. वाटीमागचा दाब गुडघा काटकोनाच्या आसपास असताना सर्वांत जास्त असतो, आणि त्याहून खाली गेल्यावर मांडीच्या स्नायूचा कंडरा हाडावर टेकून भार वाटून घेतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. जड वजन घेऊन अर्ध्यातूनच परत फिरण्याची सवय गुडघ्याला आणि कण्याला दीर्घकाळात महागात पडू शकते, असेही त्यांनी सांगितले. म्हणजे फॉरवर्डने जी जागा सुरक्षित म्हणून दाखवली आहे, तिथेच थांबून, तेही दुप्पट वजनासह, परत फिरणे हा उलटा उपाय झाला.

इथे एक गोष्ट मला नाइलाजाने मान्य करावी लागते. बीजिंगमधील वृद्धांच्या अभ्यासात, तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवे बसणाऱ्यांत गुडघ्याची झीज जास्त आढळली होती. निपाणीकडे तंबाखूच्या शेतात आयुष्य उकिडवे काढलेल्या बायकांना हे कुणी सांगायला नको. पण दिवसाचे काही तास त्या स्थितीत बसून राहणे वेगळे, आणि आठवड्यातून दोनदा 24 वेळा तिथे जाऊन लगेच उठणे वेगळे. ज्याचा गुडघा आधीच सुजतो किंवा अडकतो, त्याने आधी डॉक्टरांना दाखवावे आणि मगच खोली ठरवावी.

पैलवानांच्या गुडघ्यांचे उदाहरण तर मला रागच आणते. आमच्या भागातल्या जुन्या पैलवानांच्या तक्रारी मी ऐकल्या आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकाची कहाणी मातीतल्या एखाद्या डावाने सुरू होते: पाय अडकला, अंग फिरले, गुडघा वळला. बिनवजनाच्या बैठकीवर त्याचे खापर फोडण्यात काही अर्थ नाही.

शेवटच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे आणि तेच सर्वांत फसवे आहे. अर्ध्या रेपला चांगले निकाल मिळाले आहेत, पण कोणत्या अर्ध्याला, हे फॉरवर्डमध्ये नाही. 2023 च्या एका अभ्यासात तरुण मुलींनी आठ आठवडे पोटरीचा व्यायाम केला. पोटरी ताणलेल्या खालच्या भागात अर्धी हालचाल करणाऱ्यांचा पोटरीचा आतला स्नायू सुमारे 15 टक्के वाढला, पूर्ण हालचाल करणाऱ्यांचा सुमारे 7 टक्के, आणि फक्त वरच्या, आखडलेल्या भागात करणाऱ्यांचा सुमारे 3 टक्के. पुढे सरावलेल्या लोकांच्या हातांवर असाच प्रयोग झाला, तेव्हा ताणलेल्या भागातली अर्धी हालचाल आणि पूर्ण हालचाल यांचा निकाल सारखाच निघाला. आमची पोरे मारतात ती अर्धी बैठक मात्र वरची, म्हणजे या प्रयोगांत जी सर्वांत मागे पडली तिच्या जातीची. उंच उडी किंवा छोट्या धावेसाठी तयार झालेल्या खेळाडूंना वरच्या भागातल्या जड बैठकीचा उपयोग होऊ शकतो, पण तो पूर्ण बैठकीची ताकद कमावल्यानंतरचा, आणि वाढीव, पर्यायी नव्हे.

भाच्याला मी काय करायला लावले ते सांगतो. पाट तोच ठेवला. त्याची टाच खाली जाताना उचलली जात होती, कारण घोटा पुरेसा वाकत नव्हता, म्हणून दोन्ही टाचांखाली पातळ प्लेटा सरकवल्या आणि रोज भिंतीसमोर गुडघा पुढे नेऊन घोटा वाकवण्याचा सराव दिला. चार आठवड्यांत प्लेटा काढल्या. वजन 50 किलो, आठ बैठकांचे तीन सेट, आठवड्यातून दोनदा. तिन्ही सेटच्या सर्व बैठका पाटाला टेकल्या तरच पुढच्या आठवड्यात अडीच किलो वाढवायचे. एकही हुकली तर वजन तेच. हा नियम महत्त्वाचा ठरला, कारण वजन वाढू लागले की खोली आपोआप कमी होते आणि करणाऱ्याला ते कळतही नाही. पाट मात्र खोटे बोलत नाही. पाट नसेल तर बाजूने चित्रण करून, मांडी आणि पोटाच्या मधली घडी गुडघ्याच्या वरच्या टोकाच्या खाली जाते का, एवढे पाहावे. कंबर तळाशी आत वळत असेल, तर पाट दोन बोटे उंच करावा आणि तिथून हळूहळू खाली यावे.

दहाव्या आठवड्यात तो 70 किलोवर होता आणि कमरेची तक्रार राहिली नव्हती. उत्सुकतेपोटी त्याने जुन्या पद्धतीने 110 किलो घेऊन पाहिले आणि ते आधीपेक्षा स्थिर गेले. एका पोरावरून शास्त्र होत नाही, पण कुबोंच्या आकड्यांशी हे जुळते.

ताणलेल्या भागातल्या अर्ध्या रेपांचा प्रयोग करायचाच असेल, तर तो पोटरीवर किंवा यंत्रावर करावा, पूर्ण रेप संपल्यावर शेवटच्या पाच-सहा रेपांपुरता. खांद्यावर बार घेऊन तळातच अडकत राहणे, मागे पकडायला कोणी नसताना, मी कोणालाही सांगणार नाही. बहिणीला हे सगळे फोनवर सांगितले. तिने फक्त विचारले, "मग पाट घरचाच ना, ताईकडचा?" हो, तोच. तो आता आमच्याकडेच राहील.